लेव्हल टू कुणाचं?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये भाच्याचा एक मित्र बायोडाटा घेऊन घरी आला. सांगलीकडचा मुलगा, मेकॅनिकल डिप्लोमा, सात वर्षांचा अनुभव. तळोज्याच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये एनडीटी इन्स्पेक्टर हवा होता आणि त्याला तिथे अर्ज करायचा होता. दुसऱ्या पानावर सर्टिफिकेटांची यादी होती, मोजली तर अकरा भरली. "काका, अजून एखादं करून घेऊ का? पंधरा दिवसांचा कोर्स आहे," त्याने विचारलं. माझी सगळी नोकरी क्वालिटी विभागात गेली. माणसं घेताना असे बायोडाटा गठ्ठ्याने पाहिलेत. त्याला म्हटलं, बारावं नंतर बघू, आधी या अकरातली जिवंत किती आहेत ते बघू.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बॉयलर, गॅसच्या टाक्या, रिफायनरीतल्या पाइपलाइनी या सगळ्या वेल्डिंगने जोडलेल्या असतात. जोड आतून पक्का आहे का, हे तो कापून पाहता येत नाही. म्हणून न कापता तपासायच्या पद्धती आहेत आणि त्यांना एकत्रित नाव एनडीटी. जोडावर लाल रंग लावून, पुसून, मग पांढरा डेव्हलपर फवारला की तडा लाल रेषेसारखा उमटतो. ही पीटी, शॉपमधली पोरं तिला ‘डीपी’ म्हणतात. लोखंडाला चुंबकत्व देऊन त्यावर बारीक पूड टाकली की ती तड्यापाशी गोळा होते, ती एमटी. सोनोग्राफीसारखी ध्वनिलहरींनी केलेली तपासणी म्हणजे यूटी. आणि किरणोत्सर्गी सोर्स वापरून जोडाचा फोटो काढायचा ती आरटी. प्रत्येक पद्धतीत माणसाच्या तीन पातळ्या असतात. लेव्हल वन सांगितल्याप्रमाणे तपासतो. लेव्हल टू स्वतः तपासून ‘पास’ की ‘रिजेक्ट’ हे ठरवतो आणि रिपोर्टवर सही करतो. लेव्हल थ्री पद्धत ठरवतो आणि बाकीच्यांच्या परीक्षा घेतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: यूटी, पीटी, एमटी आणि आरटीएफआय यांत एएसएनटी लेव्हल टू अनिवार्य. सीएसडब्ल्यूआयपी ३.१ किंवा एडब्ल्यूएस-सीडब्ल्यूआय असल्यास प्राधान्य. बार्क सर्टिफाइड असल्यास प्राधान्य. नेबॉश असल्यास उत्तम. पाच वर्षांचा अनुभव.

मी एक कोरा कागद घेतला आणि तीन रकाने आखले. हे सर्टिफिकेट कुणी दिलं, कधीपर्यंत चालतं आणि ते नक्की कोण मागतंय.

सगळा घोळ पहिल्याच रकान्यात असतो. त्याच्या यादीत सर्वात वर, ठळक अक्षरांत, ‘एएसएनटी लेव्हल टू: यूटी, आरटी, एमटी, पीटी’ असं होतं. वाचणाऱ्याला वाटावं की अमेरिकेतल्या एएसएनटी या संस्थेने या मुलाची परीक्षा घेऊन त्याला पास केलं. तसं झालेलं नव्हतं, आणि आपल्याकडे ‘एएसएनटी लेव्हल टू’ लिहिणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते तसं नसतं. एएसएनटी ‘एसएनटी-टीसी-१ए’ नावाची एक शिफारस-पुस्तिका छापते. माणसाला प्रशिक्षण किती, अनुभव किती, परीक्षा कशी, हे त्यात सांगितलं आहे. त्या आधारे प्रत्येक कंपनीने स्वतःची लेखी पद्धत तयार करायची, आपल्या लेव्हल थ्रीकडून आपल्याच माणसाची परीक्षा घ्यायची आणि आपल्याच लेटरहेडवर सर्टिफिकेट द्यायचं. म्हणजे देणारी ती कंपनी, जिच्याकडे तुम्ही कामाला आहात. एएसएनटीची स्वतः परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी वेगळी योजना आहे, पण ती घेतलेला माणूस ते स्पष्ट लिहितो, कारण तिच्यासाठी त्याने बरेच पैसे मोजलेले असतात.

या मुलाकडे मग काय होतं? फाइल उघडली. पहिला कागद जून २०१७ चा, एका प्रशिक्षण संस्थेचा. कॉलेजातून बाहेर पडल्याबरोबर केलेला कोर्स, चार पद्धती, कालावधी नऊ दिवस. इथे साधं गणित करता येतं. पुस्तिकेतल्या तक्त्यात लेव्हल टूपर्यंतचं प्रशिक्षण यूटीसाठी ४० अधिक ४० तास आहे, आरटीसाठीही तितकंच. एमटीला १२ अधिक ८, पीटीला ४ अधिक ८. बेरीज १९२ तास. दिवसाला आठ तास धरले तर चोवीस दिवस. शिक्षण जास्त असेल तर काही आवृत्त्यांत थोडी सूट आहे, पण चोवीसचे नऊ होण्याइतकी नाही. शिवाय लेव्हल टूला हातावेगळ्या केलेल्या कामाचे तास लागतात, यूटीला ६३०. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलाकडे ते शून्य होते. त्याचा यात दोष नव्हता. संस्थेने मोठ्या अक्षरांत ‘लेव्हल टू’ छापून दिलं, त्याने ते तसंच बायोडाटात उतरवलं. पण या कागदाचा खरा अर्थ इतकाच की त्याने नऊ दिवसांचा कोर्स केला. मी त्यासमोर ‘प्रशिक्षण’ असं लिहिलं आणि पुढे गेलो.

खरे कागद त्याखाली होते, आणि गंमत म्हणजे ते बायोडाटात आलेच नव्हते. पहिल्या कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये त्याला यूटी, पीटी आणि एमटीत लेव्हल टू केलं होतं. तिन्ही परीक्षांचे गुण लिहिलेले होते: सामान्य, त्या कामाची विशिष्ट आणि प्रात्यक्षिक. पुस्तिकेप्रमाणे प्रत्येकात किमान ७० आणि एकत्रित किमान ८० टक्के लागतात, आणि ते होते. खाली लेव्हल थ्रीची सही आणि त्याचा एएसएनटी क्रमांक. सही करणाऱ्या लेव्हल थ्रीचं स्वतःचं सर्टिफिकेट त्या तारखेला चालू होतं का, हेही बघायचं असतं. एएसएनटीच्या संकेतस्थळावर ते नावावरून शोधता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. लेव्हल थ्रीची मुदत संपून गेलेली आणि त्याच्या सहीने कागद वाटणं मात्र चालू, असे प्रकार मी स्वतः पकडले आहेत.

"मग हे जानेवारी २०१९ चं चालेल ना?" मुलाने विचारलं. कागदावर मुदत पाच वर्षांची, म्हणजे जानेवारी २०२४. ती तर संपलीच होती. पण खरी मुदत त्याच्याही आधी, मार्च २०२२ मध्ये संपली होती, आणि ती तारीख कागदावर कुठेच नव्हती. त्या महिन्यात त्याने ती कंपनी सोडली.

हे ऐकून माणसं चमकतात, पण एकदा ‘कुणी दिलं’ हे कळलं की त्यात नवल उरत नाही. कंपनीने आपल्या माणसाला आपल्या जबाबदारीवर दिलेलं प्रमाणपत्र असतं ते. नोकरी संपली की ते संपतं. नवी कंपनी पुन्हा परीक्षा घेऊन त्याच पातळीवर घेऊ शकते, मात्र त्यासाठी मुदत सहा महिन्यांची आहे: जुन्या प्रमाणपत्राचा पुरावा हवा, सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत तेच काम चालू व्हायला हवं आणि पुन्हा प्रमाणित होणंही त्याच सहा महिन्यांत हवं. ते हुकलं तर नव्या कंपनीचा लेव्हल थ्री आणखी प्रशिक्षण घ्यायला लावतो, मग परीक्षा. वेल्डरांनाही असाच सहा महिन्यांचा हिशेब आहे. अमेरिकन एएसएमई कोडाप्रमाणे वेल्डरने एखाद्या प्रक्रियेत सहा महिने वेल्डिंग केलंच नाही तर त्या प्रक्रियेतली त्याची पात्रता संपते, मग भिंतीवर ‘सिक्स-जी’चं सर्टिफिकेट कितीही छान फ्रेम केलेलं असो. म्हणून शहाणे वेल्डर नोकरी सोडताना आपल्या कंटिन्युइटी लॉगची नक्कल आठवणीने मागून घेतात.

दुसरी कंपनी म्हणजे एक इन्स्पेक्शन एजन्सी, अजून तो तिथेच होता. तिथल्या लेव्हल थ्रीने जून २०२२ मध्ये त्याला पीटी, एमटी आणि आरटीएफआयमध्ये लेव्हल टू केलं, मुदत जून २०२७. यूटी केलं नाही, कारण त्या एजन्सीत यूटीची माणसं आधीच होती. म्हणजे आजच्या तारखेला या मुलाच्या हातात तीन चालू पद्धती, आणि यूटी सव्वादोन वर्षांहून जास्त काळ बंद. जाहिरातीत अनिवार्य म्हणून पहिला शब्द तोच. मुलाचा चेहरा उतरला.

मी म्हटलं थांब, डोळ्यांचा कागद काढ. तो म्हणाला, "कसला?" लेव्हल टूच्या माणसाला जवळचं नीट दिसतं का, याची तपासणी दरवर्षी लागते. किमान एका डोळ्याने ‘येगर २’ या मापाची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत, चष्मा लावून वाचली तरी चालतं. ती नसेल तर पाच वर्षांची मुदत असलेलं सर्टिफिकेटही त्या दिवशी वापरता येत नाही. त्याचा शेवटचा कागद एप्रिल २०२३ चा निघाला. आता मला विचाराल तर बायोडाटा तपासताना सर्वात आधी याच कागदाची तारीख बघावी. महागड्या कोर्सांच्या तारखा सगळ्यांना पाठ असतात, हा मात्र दरवर्षी राहून जातो, आणि दुरुस्त करायला जेमतेम एक सकाळ लागते.

सीएसडब्ल्यूआयपी ३.१ ची गोष्ट याच्या उलट. हे वेल्डिंग इन्स्पेक्टरचं ब्रिटिश प्रमाणपत्र आहे आणि ते बाहेरची संस्था थेट माणसाला देते. नोकरी बदलली तरी ते बरोबर येतं. त्याची मुदत पाच वर्षं. मुलाचं मे २०१९ चं, म्हणजे मे २०२४ ला संपलेलं, आम्ही बोलत होतो त्याच्या तीनच महिने आधी. बायोडाटात मात्र ‘सीएसडब्ल्यूआयपी ३.१ (२०१९)’ एवढंच. वर्ष लिहिलं की मुदत लिहिली असं वाटणं ही फारच सार्वत्रिक चूक आहे. वाचणारा मग स्वतः गणित करतो, आणि ते नेहमी उमेदवाराच्या विरोधात करतो. नूतनीकरणाचा अर्ज टाकला असेल तर तसं लिहावं, नसेल तर ‘मे २०२४ पर्यंत वैध होतं’ असं सरळ लिहावं. क्रमांकावरून हे कोणीही पडताळू शकतो, त्यामुळे लपवून उपयोग नाही. अमेरिकन सीडब्ल्यूआयची मुदत तर तीनच वर्षांची असते. (त्यातलं एडब्ल्यूएस म्हणजे अमेरिकन वेल्डिंग सोसायटी. पुण्यातल्या एका एचआरच्या मुलीने ते क्लाउड कॉम्प्युटरवालं एडब्ल्यूएस समजून एका वेल्डिंग इन्स्पेक्टरला आयटीच्या फाइलीत टाकलं होतं. म्हणून संक्षेपाबरोबर एकदा पूर्ण नाव लिहावं.)

आता तिसरा रकाना. जाहिरातीतल्या मागण्या एकाच दमात लिहिलेल्या असल्या तरी त्या एका तोंडून आलेल्या नसतात. काही कायदा मागतो. काही ग्राहक मागतो, म्हणजे ज्याच्यासाठी टाकी बनते आहे त्याच्या करारात किंवा क्वालिटी प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. आणि उरलेलं एचआरने मागच्या जाहिरातीतून उचललेलं असतं. पहिल्या दोन प्रकारांत तडजोड होत नाही, तिसऱ्यात होते.

बार्कचं उदाहरण घ्या. आरटीसाठी शॉपमध्ये बहुतेक वेळा इरिडियम-१९२ चा सोर्स असलेला ‘कॅमेरा’ वापरतात. तो हाताळणारा माणूस अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे प्रशिक्षित आणि प्रमाणित रेडिओग्राफरच लागतो. बोलताना सगळे त्याला बार्कचं सर्टिफिकेट म्हणतात. हा कायद्याचा भाग, तिथे ‘एएसएनटी आरटी लेव्हल टू’ दाखवून काही होत नाही. पण याच जाहिरातीत अनिवार्य म्हणून मागितलं होतं ते आरटीएफआय, म्हणजे निघालेली फिल्म दिव्यासमोर धरून वाचणं. फिल्म वाचणारा सोर्सजवळ जातच नाही. मग ‘बार्क सर्टिफाइड असल्यास प्राधान्य’ कशासाठी? एक तर त्यांना सोर्स हाताळायलाही हाच माणूस हवा आहे, आणि तसं असेल तर ते प्राधान्याचं नाही, अनिवार्यच आहे. नाही तर ती ओळ चुकून आलेली आहे. मुलाकडे बार्कचं नव्हतं आणि पंधरा दिवसांचा जो कोर्स त्याच्या मनात होता त्याने ते मिळणारही नव्हतं.

मी त्याला म्हटलं, फोन कर. पण ‘हे सर्टिफिकेट लागतंच का’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर एचआर नेहमी ‘हो’ असंच देतं. क्वालिटीच्या माणसाला जोडून द्यायला सांग आणि विचार की या जागेवरचा माणूस कोणत्या तपासण्यांच्या रिपोर्टवर सही करणार. या धंद्यात खरी गरज सहीवरून ठरते. रिपोर्टच्या तळाशी ज्याचं नाव आणि लेव्हल जातं, त्याचं सर्टिफिकेट ग्राहकाचा इन्स्पेक्टर मागून बघतो. बाकीची कोणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फोन केला. उत्तर असं आलं: पीटी, एमटीचे रिपोर्ट शॉपचा माणूस करतो. फिल्म आरटी एजन्सी काढते, वाचतो शॉपचा माणूस आणि सही त्याची. यूटी पूर्णपणे बाहेरच्या एजन्सीकडे, कारण शॉपकडे यूटीचं मशीनच नाही. मग जाहिरातीत यूटी अनिवार्य का? पलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले म्हणे, एजन्सीचा रिपोर्ट समजेल असा माणूस हवा होता, एचआरने त्याचं ‘लेव्हल टू’ केलं. म्हणजे ज्या शब्दामुळे मुलाचा चेहरा पडला होता, तो मागणारा खरा कुणी नव्हताच. आणि सीएसडब्ल्यूआयपी? ते एका ग्राहकाच्या पुढच्या ऑर्डरमध्ये लागणार होतं, सहा महिन्यांनी. म्हणजे ते प्राधान्याच्या ओळीत असूनही खरं होतं, आणि पैसे खर्च करायचे तर तिथेच करायचे होते.

नेहमीच असं सुखाचं उत्तर येतं असं नाही. आखातातल्या कामांत ग्राहक उमेदवाराचा बायोडाटा स्वतः मंजूर करतो आणि तिथे यादीतला एक कागद कमी पडला तर शॉपने कितीही शब्द टाकला तरी फाइल परत येते. तिथे आणखी एक भेद कळीचा असतो. काही ग्राहक कंपनीने दिलेलं लेव्हल टू स्वीकारतात, काही आयएसओ ९७१२ प्रमाणे बाहेरच्या संस्थेने दिलेलंच मागतात, जसं ब्रिटिश पीसीएन. त्याची मुदत पाच वर्षं आणि ते नोकरीबरोबर संपत नाही. ‘किंवा समकक्ष’ हे शब्द जाहिरातीत दिसले तर समकक्ष काय, हे लेखी विचारावं.

यादीतली बाकीची भराभर उरकली. एमएस-सीआयटी महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या अर्जाला हमखास लागतं, तिथे ते पहिल्या पानावर असावं. तळोज्याच्या शॉपला त्याचं काही नाही. ऑटोकॅड काढलं, कारण ड्रॉइंग वाचता येणं वेगळं आणि काढता येणं वेगळं. एक दिवसाचं अग्निसुरक्षेचं आणि गेल्या कंपनीतलं ‘फाइव्ह-एस’चं काढलं. अंतर्गत ऑडिटरचं ठेवलं, एका ओळीत. नेबॉशला मुदत नसते, ते आयुष्यभर राहतं, म्हणून तेही ठेवलं, पण तळाशी. सर्टिफिकेटांची लांब यादी बघून माझ्यासारखा माणूस खूश होत नाही. यातलं कामाचं शोधायचं कष्ट मलाच करायला लावतोयस का, असं मनात येतं.

शेवटी त्या भागात पाचच ओळी उरल्या. पीटी, एमटी, आरटीएफआय लेव्हल टू, एसएनटी-टीसी-१ए प्रमाणे, सध्याच्या कंपनीकडून, जून २०२२ ते जून २०२७, लेव्हल थ्रीच्या क्रमांकासह. यूटी लेव्हल टू, मागील कंपनीकडून, जानेवारी २०१९ ते मार्च २०२२, सध्या चालू नाही. सीएसडब्ल्यूआयपी ३.१, क्रमांक, मे २०२४ पर्यंत वैध, नूतनीकरणाची चौकशी चालू. नेबॉश आणि ऑडिटर, एकेक ओळ. यूटीची ओळ ठेवायला तो तयार नव्हता. "स्वतःच कशाला सांगायचं बंद आहे म्हणून?" मी ती ठेवायला लावली. तीन वर्षं यूटी केलेल्या माणसाला एजन्सीचा रिपोर्ट वाचता येतो, आणि त्या गृहस्थांना नेमका तोच माणूस हवा होता.

एक लक्षात ठेवायला सांगितलं. ही नोकरी मिळाली की जून २०२७ ची तारीखही निकाली. रुजू झाल्यावर नव्या लेव्हल थ्रीकडून परीक्षा कधी, हे पहिल्याच आठवड्यात विचारायचं, सहा महिने मोजत बसायचं नाही. आणि जुन्या कंपनीतून निघताना परीक्षेच्या गुणांसह सगळ्या नोंदींच्या नकला घेऊन निघायचं. एकदा बाहेर पडलं की त्या मिळवताना जोडे झिजतात.

मुलाखतीआधी तो सांगलीला गेला आणि डोळे तपासून आला. तळोज्याला टेबलावर फाइल ठेवली तेव्हा क्वालिटी मॅनेजरने पहिला तोच कागद काढून त्यावरची तारीख बघितली.